मेणबत्ती-ग्लास-पाण्याचा व्हिडिओ केलाय, मुलांना अंदाज नेमका कुठे विचारायचा?

गोदाकाठची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही गंगापूर रोडला राहतो, सोसायटीत सात ते अकरा वयाची नऊ-दहा पोरं आहेत आणि सुट्टीत सगळी आमच्याच घरी. मागच्या रविवारी म्हटलं घरातल्याच वस्तूंचा एखादा प्रयोग करू नि मोबाईलवर शूट करू, म्हणजे गावाकडच्या भाचरांना पण करता येईल. प्रयोग तुम्हाला माहितीच असेल, परातीत रंगीत पाणी, मधे मेणबत्ती, पेटवायची आणि वरून काचेचा ग्लास उपडा ठेवायचा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं.

पहिल्या टेकला ग्लास तडकला. कोणाला लागलं नाही, पण तळाशी टक्क आवाज आला नि आडवी चीर गेली, पोरं घाबरली. दुसऱ्या टेकला पाणी चढता चढता मधेच गुडगुड झालं आणि थांबलं. तिसरा बरा आला. सुरुवातीला "मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे" अशी पाटी टाकलीये आणि निकालाच्या आधी मी विचारलंय, "आता पाणी वर चढेल का?" सगळे ओरडले होऽऽ. मग मी सांगितलं की ज्योतीने ऑक्सिजन संपवला, जागा रिकामी झाली, म्हणून पाणी चढलं.

शेजारच्या पियूने (वय नऊ) विचारलं, "काकू, मग ज्योत जळत होती तेव्हाच का नाही चढलं?" मला उत्तर नाही देता आलं. अपलोड करायचं थांबवलंय. काय चुकलंय?

काळा_रस्सा
काही चुकलं नाहीये ताई. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, तो जळून गेला की तेवढी जागा पाणी घेतं. आम्हाला शाळेत हेच शिकवलंय, पाणी साधारण पाचव्या भागाएवढं चढतं, मोजून बघा. पियूला सांगा की जरा वेळ लागतो.

सिडकोकर
ताई मस्त. माझ्या मुलाचा उद्या ज्वालामुखीचा प्रोजेक्ट आहे, बेकिंग सोडा घ्यायचा का खायचा सोडा, आणि लाव्हाला लाल रंग कशाने येईल? अर्जंट आहे प्लीज.

जुनी_लॅब
सिडकोकर, खायचा सोडा म्हणजेच बेकिंग सोडा. डब्यावर बेकिंग पावडर लिहिलेलं असेल तर ती वेगळी, ती नको. व्हिनेगर घ्या, रंग खाण्याचा. बाकी वेगळा धागा काढा हो, इथे मेणबत्ती चालू आहे.

आता ताई. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये काम केलं, हा प्रयोग शेकडो वेळा मांडून दिलाय आणि पहिली कित्येक वर्षं मी पण ऑक्सिजनचीच गोष्ट सांगत होतो, म्हणून तुम्हाला नावं ठेवत नाही. पण पियूचा प्रश्न बरोब्बर आहे. ऑक्सिजन खाल्ला म्हणून पाणी चढत असेल तर ज्योत पेटल्या क्षणापासून हळूहळू चढायला पाहिजे आणि विझली की थांबायला पाहिजे. होतं उलटं. जळताना जवळजवळ काही होत नाही, आणि विझली रे विझली की पाणी सर्रकन वर येतं. तुमच्या फोनमध्ये स्लो मोशन असेल तर ते लावून बघा, मग इथे लिहा.

कारण गरम हवा. ग्लास तुम्ही ज्योतीवर धरता तेव्हाच आतली हवा तापते, पसरते आणि काही हवा बाहेर निघून जाते. मग ग्लास पाण्यात टेकतो. ज्योत विझली की उरलेली हवा गार होते, आकसते, आतला दाब कमी पडतो आणि बाहेरची हवा परातीतलं पाणी आत ढकलते. हवा गेली ती पाणी चढायच्या कितीतरी आधी.

काळा_रस्सा
सर मग ऑक्सिजन जातो कुठे? जळतो तर खरा ना. आणि आमच्या मास्तरांनी पाचवा भाग मोजून दाखवला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय.

जुनी_लॅब
पाहिलं असेल, खोटं नाही म्हणत. एका मेणबत्तीत आकडा कधी कधी पाचव्या भागाच्या आसपास येतो, तीच तर गंमत, त्यामुळे ही समजूत मरत नाही.

पण दोन गोष्टी बघा. पहिली, ज्योत सगळा ऑक्सिजन संपवतच नाही. हवेतला ऑक्सिजन २१ वरून साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते, बाकीचा तिथेच असतो. दुसरी, जळलेल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो. मेणाचा हिशोब धरला तर ऑक्सिजनचे ३८ रेणू खर्च होतात तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे २५ तयार होतात. पाण्याची वाफ पण होते, पण ती काचेवर थंड होऊन जाते, तो धुरकटपणा दिसतो ना तीच. म्हणजे खरी घट एक तृतीयांशच. पाच टक्क्यांचा तिसरा भाग म्हणजे दोन टक्क्यांच्या आतच. १२ सेंटीमीटरच्या ग्लासात दोन मिलिमीटर. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो म्हणाल तर एवढ्या पाच-दहा सेकंदात फारसा नाही.

तेव्हा तुमच्या मास्तरांचा ऑक्सिजन आहे, पण दोन मिलिमीटरपुरता.

काळा_रस्सा
दोन मिलिमीटर तर दोन मिलिमीटर, आहे ना 😄 पण पुस्तकात चुकीचं छापतील का?

तिसरा_मजला
छापतात हो. माझ्या भावाच्या मुलीच्या वहीत पण हेच आहे आणि परीक्षेत हेच लिहिलं की मार्क मिळतात. त्याचं काय करायचं ते सांगा आधी.

जुनी_लॅब
मार्कांचं मी काय सांगू.

ताई, तुमचं खरं काम अंदाजाच्या प्रश्नावर आहे. "पाणी वर चढेल का" असं विचारलं की उत्तर प्रश्नातच आलं, कोण नाही म्हणेल? "पाणी तसंच राहील, खाली जाईल, की आत चढेल" असे तीन पर्याय द्या, आणि कोणाचंही उत्तर ऐकण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, आणि पुढे "कारण" म्हणून एक ओळ. कागद महत्त्वाचा, नाहीतर निकाल लागल्यावर सगळे म्हणतात मी हेच म्हणालो होतो.

पण हा फक्त पहिला अंदाज. खरा अंदाज दुसरा: पाणी *कधी* चढेल, ज्योत जळत असताना की विझल्यावर? आणि तिसरा: एकाच्या जागी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी तेवढंच चढेल, जास्त, की कमी? आता गंमत बघा. ऑक्सिजनवाला मुलगा म्हणेल तेवढंच, कारण ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच. गरम हवावाला म्हणेल जास्त. दोघांचे अंदाज वेगळे पडले पाहिजेत, तरच बघण्यात काही अर्थ. जिथे दोघं एकच उत्तर देतात तो प्रश्न विचारून काय मिळणार.

रात्रपाळी
मी नर्स आहे, भाजलेल्या पेशंटची ड्युटी केलीये. तुम्ही हवेचं बोलत बसलात, मी ताईंना एकच विचारते, शूटमध्ये पोरींचे केस बांधलेले होते का? आणि फ्रॉक कसले?

गोदाकाठची_आई
आत्ता परत व्हिडिओ बघितला. नाही हो 🙈 पियूचे केस मोकळे आणि ती ग्लासात बघायला वाकलीये, ज्योतीपासून वीतभर. एकीचा नेटचा फ्रॉक आहे, कालच्या वाढदिवसाचा. आणि पाटी मी टाकलीये सुरुवातीला.

रात्रपाळी
पाटी कोणी वाचत नाही. मुलं सुरुवातीची दहा सेकंद ढकलून पुढे जातात. सूचना त्या त्या कृतीच्या एक क्षण आधी बोलून सांगा, आणि नुसतं "काळजी घ्या" नको, काय करायचं ते सांगा. काडी पेटवायच्या आधी थांबा आणि कॅमेऱ्यात बघून म्हणा, "शेजारी मोठं माणूस बसलंय का? नसेल तर व्हिडिओ थांबव, बोलावून आण, आम्ही इथेच आहोत." मग खरंच पाच सेकंद थांबा. मग "केस मागे बांध, ओढणी काढून ठेव, बाही दुमड." आणि पडद्यावरच्या मुलीने तेच तेव्हाच करून दाखवायला हवं. मोकळे केस दिसले की बोललेलं सगळं वाया, मूल ऐकत नाही, बघतं.

काडी मोठ्याच्याच हाताने. सॅनिटायझर, परफ्यूम, नेलपॉलिश रिमूव्हर त्या टेबलावर नको. पंखा बंद, नाहीतर ज्योत वाकते. नेट, नायलॉन, जॉर्जेट नको, ते वितळून कातडीला चिकटतं. बादलीभर पाणी शेजारी. ज्योत विझली तरी ग्लासचा वरचा भाग गरम असतो, पोरं तिथेच हात लावतात, तेव्हा "दोन मिनिटं कोणी हात लावायचा नाही" हे निकालाच्या *आधी* सांगा. निकाल दिसला की सगळे ग्लासावर झडप घालतात.

आजोबा_इंदिरानगर
आमच्या वेळी भाजलं की लगेच कोलगेट लावायचो, गार वाटायचं. एवढं काही होत नाही मेणबत्तीने. आणि मेणबत्तीपेक्षा पणती घ्यावी, आपली वस्तू. रामकुंडावर पोरं पाण्यात दिवे सोडतात ते चालतं आणि घरात मेणबत्ती नको?

रात्रपाळी
काका, टूथपेस्ट नको, बर्फ पण नको, हळद-तूप पण नको. नळाचं साधं गार पाणी, वाहतं, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस, पोरं दोन मिनिटांत हात काढतात. अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढा. फोड आले, किंवा चेहरा-हात-सांधा भाजला तर दवाखाना. हे पण व्हिडिओत एका वाक्यात टाका ताई.

जुनी_लॅब
पणतीची कल्पना छान आहे काका, मी करून बघितलीये, पण काजळी धरते, आतलं पाणी दिसेनासं होतं. शिवाय पाणी चढताना पणती हलली की तेल सांडून पाण्यावर पसरतं. बसकी, रुंद मेणबत्ती घ्यावी.

गोदाकाठची_आई
सर, ग्लास का तडकला? मी मुद्दाम जाड काचेचा घेतला होता, म्हटलं जाड मजबूत.

जुनी_लॅब
तिथेच घोळ. जाड काच आतून तापते आणि बाहेरून गारच राहते, आतला थर पसरू बघतो, बाहेरचा सोडत नाही, आणि टक्क. पातळ काच दोन्ही बाजूंनी लवकर सारखी होते. त्यात तुमची मेणबत्ती उंच होती का? ज्योतीचं टोक ग्लासच्या तळाला चाटत असणार.

गोदाकाठची_आई
हो! वाढदिवसाचीच लांब मेणबत्ती होती.

जुनी_लॅब
मग मेणबत्ती ग्लासच्या निम्म्यापेक्षा बुटकी ठेवा. काचेची जॅमची किंवा लोणच्याची उंच बरणी सगळ्यात बरी, त्यात गरमच माल भरतात म्हणून ती थोडी सोसते, पण चरा किंवा टवका असलेली नको. दुसऱ्या टेकची गुडगुड म्हणजे परातीतलं पाणी संपलं. बरणीच्या काठाखालून हवा आत शिरली की पाणी थांबतं. पाणी एक बोट खोल भरा. आणि बरणीचा काठ परातीला चिकटून बसला तर पाणी आत जायला वाटच नाही, म्हणून काठाखाली दोन नाणी सरकवा.

एडिटर_भो
मी एडिटिंग करतो, लग्नाची जास्त पण चालतंय. भो, तीन गोष्टी कोणी बोललं नाही.

थंबनेलवर तुम्ही पाणी चढलेली बरणी टाकणार, बरोबर? आणि टायटल "पाणी आपोआप वर चढलं!!" मग अंदाज विचारून काय उपयोग, पोराने बाहेरच उत्तर पाह्यलं. थंबनेलवर फक्त पेटलेली मेणबत्ती आणि हातात धरलेली बरणी ठेवा.

दुसरं, "तुमचा अंदाज कमेंटमध्ये लिहा" असं म्हणू नका. यूट्यूबला मुलांसाठीचा व्हिडिओ म्हणून खूण केली की कमेंट बंदच असतात, शेवटचे कार्ड-बिर्ड पण चालत नाहीत, आणि खूण खरी करावी लागते. म्हणजे अंदाज कागदावरच.

तिसरं, थांबायची जागा. बोलता बोलता "थांबा हं" म्हणून लगेच पुढे गेलात तर कोणी थांबत नाही. पूर्ण पडदा एका रंगाचा करा, वर तीन पर्याय, आवाज बंद, दहा सेकंद. शांतता झाली की पोरं आपोआप पेन शोधतात. आणि पुढचा शॉट निकालाने सुरू करू नका, दोन सेकंद जुनीच फ्रेम ठेवा.

जुनी_लॅब
दहा सेकंद कमी. लिहायला वीस लागतात.

एडिटर_भो
सर वीस सेकंद गप्प पडदा ठेवला तर सगळे व्हिडिओ सोडून जातील 😅 रीलचा जमाना आहे.

तिसरा_मजला
मला तर वाटतं एवढं अंदाज-बिंदाज कशाला, पोरांना मजा आली पाहिजे बस. बघितलं, टाळ्या वाजवल्या.

जुनी_लॅब
टाळ्यांना माझी ना नाही. पण २००४ मध्ये हार्वर्डच्या एरिक माझूर यांच्या गटाने कॉलेजच्या मुलांवर हेच तपासलं. ज्यांनी प्रयोग नुसता बघितला त्यांना, ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यापेक्षा जास्त काही कळलेलं नव्हतं. आधी अंदाज बांधायला लावला त्यांना कळलं. मोठी पोरं होती ती. सात वर्षांच्यांचं मी सांगत नाही, पण लॅबमध्ये मला तेच दिसायचं.

गोदाकाठची_आई
आज संध्याकाळी परत केलं. सविस्तर सांगते.

लोणच्याची बरणी, आतून १२ सेंटीमीटर उंच. बाहेरून पट्टी चिकटवली. परातीत पाण्यात चिमूटभर खाण्याचा निळा रंग आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, बुडबुडे दिसावेत म्हणून, ही माझीच आयडिया. सगळ्या पोरींचे केस बांधले, पंखा बंद, दाराशी बादली, काडी ह्यांनी पेटवली.

पहिला अंदाज: सहा जणांनी "चढेल", दोघांनी "तसंच राहील", एकाने "बरणी फुटेल" (मागच्या वेळचा धसका). दुसरा, कधी: सात जण "जळताना", दोघं "विझल्यावर", त्यात पियू. बरणी ठेवली. ज्योत सात-आठ सेकंदांत मिचमिच करत विझली आणि पाणी तेव्हाच धावलं. दोन सेंटीमीटर. स्लो मोशनमध्ये तर स्पष्टच दिसतंय, धुराची रेघ वर जातेय आणि पाणी तिच्या मागे. सगळे एक क्षण गप्पच झाले.

मग तीन मेणबत्त्या. इथे भांडण झालं, माझ्या मुलाने "तेवढंच" लिहिलं होतं कारण मीच त्याला मागच्या आठवड्यात ऑक्सिजन शिकवलेला 😬 चढलं साडेतीन सेंटीमीटरच्या थोडं वर.

जुनी_लॅब
बारात साडेतीन म्हणजे जवळजवळ ३० टक्के. हवेत ऑक्सिजनच २१ आहे. काळा_रस्सा, ऐकताय का?

काळा_रस्सा
ऐकतोय हो सर. मी पण केलं घरी, तीन लावल्या, पाऊण वाटी तरी पाणी आत गेलं. पण एक सांगा, ताईंना बुडबुडे दिसले का? हवा बाहेर जाते म्हणता तर दिसायला पाहिजेत. मला एक पण नाही दिसला. तुमची पण थिअरी लंगडी आहे की मग.

गोदाकाठची_आई
मला एका टेकला चार-पाच दिसले, एकाला अजिबात नाही.

जुनी_लॅब
चांगला मुद्दा काढलात. बरणी सावकाश खाली आणली तर ती खाली येता येताच गरम हवेने भरते, पाण्याला टेकेपर्यंत जायची ती हवा गेलेली असते, मग बुडबुडे कुठून येणार. झटकन ठेवली तर आत गार हवा असते, ती आत तापते आणि काठाखालून बुडबुडे निघतात. पण झटकन ठेवा असं मुलांना सांगू नका, मेणबत्ती आडवी होईल. ते तुम्ही करून बघा.

ज्योतीशिवाय खात्री हवी असेल तर बरणीत आधी कोमट, मग गीझरचं गरम पाणी भरा, अर्धं मिनिट थांबा, ओतून टाका आणि लगेच उपडी करून परातीत ठेवा. मेणबत्ती नाही, काही जळलं नाही, तरी पाणी एखाद सेंटीमीटर चढतं. आपल्याकडे थंडीत बरणी गार असते, एकदम कढत पाणी ओतू नका, परत टक्क होईल. गरम पाणी ओतायचं कामही मोठ्यांचंच.

रात्रपाळी
मग लहानांच्या व्हिडिओत हेच का नाही ठेवत? आग हवीच कशाला? सात वर्षांचं मूल हे बघणार, दुपारी आई झोपली की काडेपेटी शोधणार.

एडिटर_भो
आग नसली तर बघणार कोण ताई.

रात्रपाळी
तेच तर म्हणतेय.

जुनी_लॅब
मी मधला मार्ग सांगतो, मेणबत्तीचा भाग "बघायचा" आणि गरम पाण्याचा भाग "मोठ्यांबरोबर करायचा" असे दोन वेगळे ठेवा. पण रात्रपाळीताईंची काळजी याने पूर्ण जात नाही, हे मलाही कळतंय.

गोदाकाठची_आई
दोन्ही शूट केलेत, कुठला टाकायचा ते ठरत नाहीये. ह्यांचं मत मेणबत्ती, माझं गरम पाण्याकडे झुकतंय. पहिला, चुकलेला व्हिडिओ मात्र टाकणार आहे, ऑक्सिजनची गोष्ट सांगतानाचा, आणि त्याच्या पुढे पियूचा प्रश्न. तिने परवानगी दिलीये, तिच्या आईने पण, फक्त चेहरा नको म्हणाल्या, आवाज चालेल.

आणि एक राहिलं. तीन मेणबत्त्या पोरांनी घाईत लावल्या त्या उंचीला सारख्या नव्हत्या, एक बुटकी, एक मधली, एक उंच. तिघी एकदम नाही विझल्या. आता पियू विचारतेय आधी कुठली विझली पाहिजे आणि का. स्लो मोशनमध्ये उत्तर आहे, मी अजून तिला दाखवलं नाहीये. सर, प्लीज इथे लिहू नका, ती हा धागा वाचतेय आणि कागदावर तिचं लिहून व्हायचंय.

काळा_रस्सा
बुटकी. कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली बसतो.

जुनी_लॅब
मी काही बोलत नाही. काळा_रस्सा, तुम्ही पण कागदावर लिहून ठेवा, तारीख घालून.